पालथे पडू पाहणारे बाळ आणि घट्ट बांधलेले दुपटे

पुण्यातल्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा संदेश: «बाळाला सहा महिन्यांपर्यंत रात्री दुपट्यात घट्ट बांधूनच झोपवा. बांधलेलं बाळ दचकत नाही, त्याचे पाय सरळ राहतात आणि मुख्य म्हणजे ते पालथं पडू शकत नाही, त्यामुळे आई निर्धास्त झोपते. मध्येच सोडलंत तर बाळाची झोप कायमची बिघडते.»

यातला दचकण्याचा भाग खरा आहे. नवजात बाळाला आवाजाने किंवा डोके किंचित मागे झुकल्याने दोन्ही हात झटकन बाहेर फेकण्याची आणि मग छातीशी ओढून घेण्याची उपजत प्रतिक्रिया असते. तिला मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात आणि झोपेत ती झाली की बाळ स्वतःच्याच हातांनी जागे होते. हात दुपट्यात असले की ही झटक दबते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत गुंडाळलेले बाळ बहुधा कमी रडते आणि सलग झोपते. आपल्या आज्या हे अनुभवाने जाणत होत्या. मात्र हा लाभ मुदतीचा आहे. ही प्रतिक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यापासून मंदावू लागते आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात मावळते. म्हणजे ज्या काळात दुपट्याचा उपयोग संपत येतो, नेमक्या त्याच काळात त्याचा धोका वाढत जातो आणि संदेशातली सहा महिन्यांची मुदत या दोन्ही गोष्टींकडे पाठ फिरवते.

पायांविषयीचे विधान तर उलटेच आहे. गर्भाशयात दुमडून राहिलेले पाय जन्मानंतर काही महिने वाकलेलेच असतात आणि चालू लागल्यावरही दीड-दोन वर्षांपर्यंत थोडे धनुष्याकृती दिसतात. हे नैसर्गिक आहे, बांधल्याने ते सरळ होत नाही. उलट पाय ताणून, गुडघे जुळवून आवळले तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही आणि खुब्याचा सांधा निसटण्याची शक्यता वाढते. जपानमध्ये १९७० च्या दशकात पाय सरळ गुंडाळू नका अशी मोहीम राबवल्यावर या दोषाचे प्रमाण लक्षणीय घटले. आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात तेव्हा मांड्या आपोआप फाकतात, ती ठेवण सांध्याला पोषक असते. म्हणून दुपटे गुंडाळायचेच असेल तर छातीभोवती ते आणि बाळाचे अंग यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज जावीत आणि कमरेखाली बाळाला गुडघे वाकवून बेडकासारखे पाय हलवता यावेत, इतके सैल असावे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये एक पातळ मलमल पुरे होते. डिसेंबरच्या रात्री थंडी असेल तर आत एक झबले वाढवावे, दुसरे दुपटे नव्हे. घरात झोपताना टोपडेही नको. बाळाला उकडते आहे का, हे हातपायांवरून कळत नाही, मानेमागे किंवा छातीवर हात लावून घाम आणि ऊब पाहावी.

आता मुख्य मुद्दा, कारण संदेशातले सर्वांत धोकादायक आश्वासन तेच आहे. दुपटे बाळाला पालथे पडण्यापासून रोखत नाही. वळण्याची सुरुवात हातांनी नव्हे, पायांनी आणि कमरेने होते. बाळ दोन्ही गुडघे पोटाशी आणते, पाय एका बाजूला टाकते आणि धड त्यांच्यामागे ओढले जाते. छातीशी हात बांधलेले असले तरी ही क्रिया होऊ शकते. मात्र पालथे पडल्यावर नाक-तोंड गादीतून वर काढण्यासाठी लागतात ते कोपर आणि तळहात, आणि तेच त्या वेळी अडकलेले असतात. तोंडाजवळ साचलेली स्वतःचीच उच्छ्वासाची हवा बाळ पुन्हा आत घेते आणि गुंडाळल्यामुळे गाढ झोपलेले बाळ सहज जागेही होत नाही. २०१६ मध्ये चार अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले, की गुंडाळलेल्या बाळांमध्ये झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका पालथ्या स्थितीत सर्वांत जास्त, कुशीवर त्याहून कमी आणि पाठीवर सर्वांत कमी होता, शिवाय वयाबरोबर तो वाढत होता. अभ्यास थोडे होते आणि गुंडाळण्याची व्याख्याही प्रत्येकात वेगळी होती, त्यामुळे त्यातल्या आकड्यांवर फार भर देऊ नये, पण दिशा स्पष्ट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्सचा सल्लाही हाच आहे: गुंडाळलेले बाळ नेहमी पाठीवर झोपवावे आणि ते वळण्याचा प्रयत्न करू लागताच गुंडाळणे बंद करावे. हे बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घडते, कधी त्याआधीही.

यात «प्रयत्न» हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, कोथरूडमधल्या एका घरात तेरा आठवड्यांचे बाळ दुपारी चटईवर पाय उचलून उजव्या कमरेवर कलते आणि परत पाठीवर येते. त्याच रात्री आई त्याला गुंडाळते आणि पहाटे दुपटे पिळलेले, एक हात बाहेर, अशा अवस्थेत ते सापडते. आजी म्हणतात, «अजून पुरता पालथा कुठे पडलाय? आठवडाभर बांधू या की.» परंतु पहिले पूर्ण वळण दिवसा, सगळ्यांच्या देखतच होईल याची हमी कोण देणार? ते रात्री तीन वाजताही होऊ शकते. या बाळासाठी दुपटे त्याच दिवशी थांबायला हवे, दुपारच्या झोपेलाही. दुपटे आणखी आवळणे किंवा दोन्ही बाजूंना लोड, मोहरीच्या उशा रचणे हा उपाय नाही, कारण त्या उशाच तोंडावर येऊ शकतात. (झोळीत झोपणाऱ्या बाळाबाबत आणखी एक अडचण आहे: खोलगट कापडात त्याला कलायला जागाच नसते, त्यामुळे ही खूण दिसतच नाही. शिवाय झोळी ही सपाट, घट्ट जागा नव्हे.)

राहिला झोप बिघडण्याचा प्रश्न. काही रात्री बिघडेल, हे खरे, कायमची मात्र नाही. ज्यांचे बाळ अजून कलत नाही, त्यांनी दोन महिन्यांच्या सुमारास एक हात बाहेर ठेवून गुंडाळायला सुरुवात करावी आणि काही रात्रींनी दुसराही हात सोडावा, म्हणजे वळायची वेळ येते तेव्हा सोडण्यासारखे फारसे उरत नाही. ज्यांचे बाळ आधीच कलते आहे, त्यांना हा हप्त्याहप्त्याचा मार्ग उपलब्ध नाही, त्यांनी दोन्ही हात एकदमच मोकळे करावेत. ऊब हवी तर बिनबाह्यांची, हात मोकळे राहणारी झोपेची पिशवी चालते, वजन भरलेली मात्र घेऊ नये. दिवसा जागे असताना, आपण समोर बसून, बाळाला पोटावर ठेवत राहिले की मान आणि कोपर लवकर बळकट होतात. पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर, दोन्हीकडे बाळ स्वतःहून सहज वळू लागले की झोपवताना पाठीवरच ठेवावे, पण झोपेत ते पालथे झाले तर दरवेळी उठून त्याला उताणे करण्याची गरज नाही, अंथरुणात उशी, पांघरूण किंवा दुपटे नसले म्हणजे झाले.