पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणता, पण काय झालं होतं आणि किती वेळाने?

रुग्णाच्या फाइलवर लाल शाईत ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मला चिडही येते आणि काळजीही वाटते. औषध घेतल्यावर किती वेळाने त्रास सुरू झाला, नेमकं काय झालं, ते कशाने थांबलं, यातलं काहीच तिथे नसतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘लहानपणी काहीतरी झालं होतं, आई सांगायची.’ एवढ्या माहितीवर पुढचा डॉक्टर काय ठरवणार?

वेळ विचारण्यामागे कारण आहे. औषधांच्या अ‍ॅलर्जीचे चार प्रकार जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी 1963 साली मांडले आणि आजही आपण तेच वापरतो. एकटं पेनिसिलिन हे चारही प्रकार घडवू शकतं. त्याचा रेणू इतका लहान असतो की एरवी प्रतिकारशक्तीने त्याची दखलही घेतली नसती. पण त्यातली बीटा-लॅक्टम कडी उघडते आणि रेणू आपल्याच प्रथिनांना चिकटून बसतो. मग ते बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटायला लागतं. पुढे काय होणार हे त्याच्याविरुद्ध कोण उभं राहतं यावर ठरतं, आणि ते ओळखायला घड्याळ फार उपयोगी पडतं.

काही मिनिटांत, फार तर तासाभरात त्रास झाला तर बहुधा पहिला प्रकार. आधीच्या एखाद्या वेळी तयार झालेली आयजीई अँटिबॉडी मास्ट पेशींवर बसून असते. औषध पुन्हा आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर टाकतात. अंगावर पित्त उठतं, ओठ-जीभ सुजतात, छातीत घरघर होते, बीपी कोसळतं. हीच अ‍ॅनाफायलॅक्सिस.

दुसरा प्रकार विरळा. शिरेतून मोठ्या डोसचं पेनिसिलिन बरेच दिवस चालू असताना औषध लाल पेशींना चिकटतं, आयजीजी अँटिबॉडी त्या पेशींवर खूण करतात आणि प्लीहा त्या मोडून टाकते. हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळे दिसतात, लाल पेशींवर अँटिबॉडी बसल्यात का हे दाखवणारी कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह येते. क्विनाइनमुळे प्लेटलेट घसरतात त्यामागेही अँटिबॉडीच असतात.

तिसऱ्यात एक ते तीन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आणि पुरळ येतं, कारण औषध आणि अँटिबॉडी यांच्या जोड्या रक्तवाहिन्यांत अडकतात. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सर्पविषावरचं औषध दिल्यानंतर येणारं सीरम सिकनेस हे याचं ठळक उदाहरण.

चौथ्या प्रकाराबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. यात अँटिबॉडी नसतात, टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी असतात. म्हणून त्रास काही दिवसांनी सुरू होतो. बहुतेकदा गोवरासारखं खाजरं पुरळ येतं आणि औषध थांबवल्यावर जातं. पण याच गटात स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमही आहे. त्यात त्वचा दुखते, फोड येतात, तोंड आणि डोळे सोलवटतात. फिटवरचं कार्बामाझेपिन आणि युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल ही त्यासाठी कुप्रसिद्ध औषधं. असं एकदा झालं की ते औषध जन्मात पुन्हा द्यायचं नाही, ‘थोडं देऊन बघू’ असंही नाही. म्हणजे नुसतं ‘पुरळ आलं होतं’ असं लिहिल्याने एका टोकाला क्षुल्लक आणि दुसऱ्या टोकाला जीवघेणी गोष्ट एकाच नोंदीत मिसळून जाते.

आणि बऱ्याच नोंदी अ‍ॅलर्जीच्या नसतातच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहापैकी नऊंहून अधिक जणांना ते औषध सोसतं. कधी पुरळ मुळात विषाणूचं असतं. ग्रंथीज्वर या विषाणूच्या तापात पेनिसिलिन गटातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर अनेकदा पुरळ उठतं, पण पुढे त्याच माणसाला ते बहुधा चालतं. कधी जुलाब किंवा मळमळीलाच अ‍ॅलर्जी म्हटलेलं असतं. खरी आयजीई अ‍ॅलर्जीसुद्धा ओसरते: दहा वर्षांनी सुमारे 80 टक्के लोकांत ती उरलेली नसते. तरी नोंद तशीच राहते आणि साध्या, नेमक्या औषधाऐवजी व्यापक अँटिबायोटिक दिलं जातं. त्यातून क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे जुलाब आणि औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. संशय असेल तर तज्ज्ञांकडे त्वचाचाचणी आणि देखरेखीखाली एक डोस, हा सरळ रस्ता आहे. घरी मात्र हा प्रयोग कुणीही करू नये.

आता पहिल्या प्रकाराकडे परत येतो, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात. समजा, 60 किलो वजनाच्या माणसाला पेनिसिलिन गटातल्या अँपिसिलिनचं इंजेक्शन शिरेतून दिलं. तीन मिनिटांत त्याचे तळहात खाजू लागले, घसा आवळला, तो म्हणाला, ‘मला काहीतरी भयंकर होतंय.’ बीपी 70 वर 40, छातीत शिट्टी. अशा वेळी अनेकांचा हात आधी अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइडकडे जातो. मला हे मनापासून खुपतं. अँटिहिस्टामिन खाज कमी करतं, बीपी उचलत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला तास लागतात. इकडे दहा मिनिटांत रक्तातला तिसऱ्या हिश्श्याइतका द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो.

पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनच. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींना आणखी रसायनं सोडू देत नाही. डोस किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. या हिशोबाने 60 किलोला 0.6 येतात, पण प्रौढांची कमाल मर्यादा 0.5 आहे. म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या औषधाचा अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. 15 किलोच्या मुलाला 0.15. हेच औषध घाईने शिरेत ढकललं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस.

सोबत अँपिसिलिन बंद, ऑक्सिजन, सलाइन वेगाने. रुग्णाला आडवं ठेवून पाय वर. फारच धाप असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका. हृदयाकडे रक्त परतत नसताना माणूस उठला आणि तिथेच गेला, असे मृत्यू नोंदलेले आहेत. अंगावर पित्त दिसत नाही म्हणून थांबूही नका, काही रुग्णांत त्वचेवर काहीच उमटत नाही. रुग्ण बीपी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातलं औषध घेत असेल आणि अ‍ॅड्रेनालिनला दाद देत नसेल तर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन आठवा.

बरं वाटलं म्हणून लगेच घरी सोडणंही चुकीचं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. आणि त्रास सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, मास्ट पेशींतून सुटणारं ट्रिप्टेज मोजण्यासाठी रक्त घेऊन ठेवा. मास्ट पेशी खरंच फुटल्या होत्या का, याचा तो पुरावा पुढच्या तज्ज्ञाच्या फार कामी येतो.