परिपाठातलं वीजबचतीचं भाषण शनिवारबद्दल हवं

विजेच्या बचतीवर परिपाठात जी भाषणं होतात त्यांबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. मुलं कागद पाठ करून येतात, "वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे" इथून सुरुवात होते, टाळ्या पडतात आणि रांगा वर्गाकडे वळतात. तेवढ्या वेळात रिकाम्या वर्गांमध्ये पंखे चालूच असतात. चूक मुलांची नाही. कोणता पंखा, किती वाजता, कोणी बंद करायचा आणि केल्याने नेमकं काय होतं, हे त्या भाषणात कुठेच नसतं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. माझं मत असं की परिपाठातलं भाषण तीन मिनिटांचं असावं आणि त्यात एकच काम सांगावं.

ते काम कोणतं हे ठरवण्याआधी जरा हिशेब करू. सोलापुरातल्या शाळांमध्ये जसा असतो तसा एक वर्ग घ्या. छताला चार पंखे, भिंतीला चार एलईडी ट्यूब. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, एलईडी ट्यूब २० वॅट. म्हणजे पंख्यांचे ३०० आणि दिव्यांचे ८०, एकूण ३८० वॅट. परिपाठ, मधली सुट्टी आणि मैदानाचा तास मिळून वर्ग दिवसाला दीड तास रिकामा राहतो असं धरू. ३८० वॅट दीड तास चालले की ५७० वॅट-तास होतात, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. बारा वर्गांचे दिवसाला जवळजवळ सात युनिट. पंखे लागतात असे दीडशे दिवस धरले तर वर्षाला हजार युनिट.

आता त्याच वर्गाचा शनिवार बघा. शनिवारी सकाळची शाळा, अकराला सुटते. मुलांना घरी पळायची घाई असते, आपल्यालाही असते. चार पंखे चालू राहिले आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, तर ते सोमवारी साडेदहापर्यंत फिरत राहतात. साडेसत्तेचाळीस तास. ३०० वॅटने गुणलं की सव्वाचौदा युनिट होतात. त्या वर्गाने मधल्या सुट्टीत, मैदानाच्या तासाला रोज न चुकता बटणं बंद करून पंचवीस दिवसांत जेवढं वाचवलं, तेवढं एका विसरलेल्या शनिवारने घालवलं. जवळजवळ महिनाभराची शिस्त एका दुपारी गेली.

म्हणून मी म्हणते, भाषण शनिवारबद्दल हवं. आणि दिव्यांच्या आधी पंख्याबद्दल हवं. वर्गात एलईडी ट्यूब आल्यापासून दिवा हा लहान खर्च झाला आहे. एक पंखा जवळजवळ चार ट्यूबइतकी वीज घेतो. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर गोष्ट वेगळी, ती चोकसकट पन्नासच्या आसपास जाते.

पंख्याबद्दल मुलांचा (आणि बऱ्याच मोठ्यांचाही) एक पक्का समज असतो: "बाई, पंखा चालू ठेवला की आपण येईपर्यंत वर्ग गार राहतो." हा समज आहे तोपर्यंत मूल मनापासून बटण बंद करणार नाही, कारण त्याला वाटतं आपण सगळ्यांना उकाड्यात टाकतोय. म्हणून हा समज प्रयोगानेच काढायला हवा. प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्या. एकाचा फुगा कोरडा ठेवा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या कापसाची पट्टी गुंडाळा. दोन्ही चालू पंख्याखाली दहा मिनिटं टांगा. कोरड्याचा पारा जागचा हलत नाही. ओल्याचा मात्र आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चांगला आठ-दहा अंश खाली येतो. ओला कापूस म्हणजे घामेजलेली कातडी. पंखा वारा देऊन घाम भराभर वाळवतो आणि त्या वाळण्याने आपल्याला गार वाटतं. खोलीत घाम येणारं कोणी नसेल तर गार होणारंही कोणी नाही. उलट पंख्याने घेतलेली ७५ वॅट वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत साठते. बंद, रिकाम्या वर्गात पंखा ठेवला तर तो खोली कणभर तापवतच असतो. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आमच्या शाळेत पूर्व भागातली, यंत्रमागवाल्या घरांतली मुलं आहेत. त्यांना युनिट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, घरी बिलावरून बोलणं रोज कानावर पडतं. अशा मुलांसमोर "थेंबे थेंबे" म्हणण्यापेक्षा हिशेब मांडला की ती खरंच ऐकतात.

तर हे भाषण. कोणत्याही शाळेने खुशाल घ्यावं, आपल्या वर्गांचे आकडे घालावेत.

"मुलांनो, आत्ता तुम्ही सगळे मैदानावर उभे आहात. तुमच्या वर्गातले पंखे चालू आहेत की बंद? आठवा. ज्यांना आठवत नाही त्यांच्या वर्गात ते बहुतेक चालू असतील.

पंखा खोली गार करत नाही. तो तुमचा घाम वाळवतो म्हणून तुम्हाला गार वाटतं. वर्गात तुम्ही नसाल तर तो बाकांना वारा घालतोय. तुम्ही परत येऊन बटण दाबलंत की पहिल्या मिनिटाला तुम्हाला तेवढंच गार वाटणार आहे.

आपल्या जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे, १३२० मेगावॅटचं. तिथे दगडी कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. ते पाणी उजनीचं असतं, आपल्या नळाला येतं तेच. तिथली वीज सगळ्या देशाच्या जाळ्यात जाते, त्यामुळे आपल्या वर्गातला पंखा नेमका कुठल्या केंद्राच्या विजेवर फिरतो ते सांगता येत नाही. पण कोळशावरची वीज असेल तर एका युनिटाला ढोबळमानाने साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. एका वर्गाचे पंखे शनिवारी अकरापासून सोमवारपर्यंत चालू राहिले, तर नऊ-दहा किलो कोळसा कोणीही नसलेल्या खोलीसाठी जळतो.

म्हणून आजपासून एकच काम. प्रत्येक वर्गातून दर आठवड्याला एक विद्यार्थी शेवटी बाहेर पडेल. बाकीचे गेल्यावर तो वर बघेल, बटणं बंद करेल, पंखे थांबेपर्यंत दारात उभा राहील आणि मग निघेल. शनिवारी तो हे काम करून वर्गशिक्षकांना सांगेल, आणि मगच घरी जाईल. वर्गात तुम्ही बसलेले असताना मात्र पंखा खुशाल लावा. सोलापूरच्या उन्हात पंखा बंद करून बसायला कोणी सांगत नाही.

आणि एक. बटण तुटलेलं असेल, खोक्यातून ठिणगी किंवा जळका वास येत असेल, हात ओला असेल, तर हात लावायचा नाही. आम्हाला सांगायचं."

एवढंच. तीन मिनिटांत होतं.

"पंखे थांबेपर्यंत दारात उभा राहील" हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. वर्गातल्या बोर्डावर आठ-दहा बटणं असतात आणि कोणतं कशाचं ते कोणालाच ठाऊक नसतं. घाईत मूल सात बटणं दाबतं, त्यातलं एक आधीच बंद असतं, ते चालू होतं, आणि मागच्या कोपऱ्यातला पंखा फिरायला लागतो. हे मी पाहिलं आहे. उपाय साधा आहे: प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी लावून "पंखा १, फळ्याजवळ", "दिवा ३, खिडकीकडे" असं लिहायचं. आणि संगणक कक्ष किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं बटण असेल तिथे लाल पट्टी, म्हणजे मुलं तिकडे जाणार नाहीत. बोर्ड उंचावर असेल तर लहान वर्गांत हे काम शिक्षकांनीच करावं. बाकावर चढून बटणं दाबायला मुलांना कधीही लावू नका.

आमच्याच शिक्षकखोलीत एक शंका नेहमी निघते: दिवा पुन्हा लावताना जास्त वीज खातो, मग दहा मिनिटांसाठी कशाला बंद करायचा? सुरू होतानाचा तो जादा झटका सेकंदाच्या काही भागापुरता असतो. मीटरवर त्याचा हिशेब जवळजवळ शून्य. दहा मिनिटांची सुट्टी असली तरी बंद करावं.

रेग्युलेटरबद्दलही विचारतात. जुना, मोठा चौकोनी, हात लावला की गरम लागणारा रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्याने वाचलेली बरीचशी वीज त्या खोक्यातच उष्णता होऊन जाते. छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर वेग कमी केल्यावर खरी बचत होते. ज्या शाळांना नवे पंखे घ्यायचे आहेत त्यांनी बीएलडीसी पंखे बघावेत. ते पूर्ण वेगातही तीसेक वॅटवर चालतात. किंमत जास्त आहे हे खरं, त्यामुळे सगळे एकदम बदलणं बहुतेक शाळांना जमणार नाही. जो पंखा जळेल त्याच्या जागी नवा, असं करता येतं.

आता काम होतंय की नाही हे कसं कळणार? शपथ आणि फलक यांवरून कळत नाही, मीटरवरून कळतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गातल्या दोन मुलांनी शिक्षकांबरोबर जाऊन मीटरवरचा आकडा वहीत लिहावा, सोमवारी शाळा भरायच्या आधी पुन्हा लिहावा. दोन्हींतला फरक शून्य येणार नाही. कॅमेऱ्यांचं यंत्र, इंटरनेटचा डबा, बाहेरचा रात्रीचा दिवा हे चालूच राहणार. म्हणून पहिल्या शनिवारी शिक्षकांनी स्वतः सगळे वर्ग फिरून एकेक पंखा-दिवा बंद असल्याची खात्री करावी. त्या सोमवारी जो फरक येईल तो तुमच्या शाळेचा पाया. पुढच्या एखाद्या सोमवारी त्यापेक्षा चौदा-पंधरा युनिट जास्त दिसले, तर एका वर्गाचे चारही पंखे राहिले होते. तीन-चार युनिट जास्त दिसले, तर कुठेतरी एकच पंखा फिरत होता. कोणता, ते सोमवारी सकाळी साफसफाईला येणाऱ्या मावशींना विचारा, वर्गाचं कुलूप सगळ्यांत आधी त्याच उघडतात.