ठसका लागला नाही म्हणजे गिळलं?

"पॅरालिसिसच्या पेशंटला पाणी कॉर्नफ्लोअरने घट्ट करून द्या, हनुवटी छातीला टेकवून पाजा. ठसका लागला नाही म्हणजे गिळणं ठीक. थेरपिस्टची गरज नाही."

हा फॉरवर्ड मामीला तिसऱ्यांदा आला आणि तिने स्ट्रोक झालेल्या मामाला तसंच पाणी पाजायला सुरुवातही केली. मी, त्यांची भाची, स्पीच थेरपिस्ट आहे, हे घरात कुणाला आठवत नाही, ती तक्रार वेगळी.

सगळ्यात घातक वाक्य ठसक्याचं. स्ट्रोकनंतर घशाची संवेदनाच बोथट होऊ शकते. मग पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतही नाही. मामाला मी एक चमचा पाणी दिलं, ठसका नाही. "आ म्हण" म्हटलं, तर आवाज गुळणी भरल्यासारखा ओला. ही खूण. पण आवाज कोरडा असता तरी मी निर्धास्त झाले नसते, म्हणून व्हिडिओफ्लोरोस्कोपी करून घेतली: बेरियम घातलेलं पाणी पिताना एक्स-रेवर चालतं चित्र दिसतं. पाणी गिळून झाल्यावरही डाव्या, लुळ्या बाजूला, स्वरयंत्राशेजारच्या खळग्यात साचून राहत होतं आणि तिथून श्वासनलिकेत ओघळत होतं. मामा शांत.

आता हनुवटी. खाली घेतली की जिभेच्या मुळामागची जागा रुंदावते आणि श्वासनलिकेचं तोंड अरुंद होतं. गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि पाणी जिभेमागे येऊन थांबतं, अशांना तिचा उपयोग होतो. मामाचं पाणी त्या जागेच्याही खाली साचत होतं. मान वाकवली, तर ते पुढे कलंडून थेट श्वासनलिकेत! पडद्यावर मामीने स्वतः पाहिलं.

घट्ट पाण्यात अर्धं तथ्य आहे, कबूल. ते सावकाश उतरतं, श्वासनलिकेत कमी जातं. पण घशात जास्त चिकटून राहतं, आणि लोक ते कमी पितात. 2008 मध्ये अमेरिकेत डिमेन्शिया आणि पार्किन्सनच्या 515 रुग्णांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. हनुवटी खाली घेऊन साधं पाणी पिणारे आणि घट्ट पाणी पिणारे, दोन्हींत न्यूमोनियाचा ठोस फरक दिसला नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण मात्र हनुवटीवाल्यांत 2 टक्के, तर घट्ट पाणी पिणाऱ्यांत 6 टक्के होतं. ते स्ट्रोकचे रुग्ण नव्हते, तरी घट्ट पाणी म्हणजे बिनधोक असं कुणी म्हणू नये.

कॉर्नफ्लोअरचं तर बोलायलाच नको. लाळेत स्टार्च फोडणारं एन्झाइम असतं, म्हणजे तोंडात पाणी पुन्हा पातळ. तुमचा घट्टपणा किती, हे तरी मोजा: 10 मिलीची सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्या. 4 ते 8 मिली उरलं, तर हलकं घट्ट. मामीने घट्ट केलेल्या चहाचं सुरुवातीला 2 मिली उरलं, निवल्यावर 9.

मामाला शेवटी जमलं ते वेगळंच. मान डावीकडे वळवली की लुळ्या बाजूचा खळगा बंद होतो आणि पाणी उजवीकडून नीट उतरतं, हेही पडद्यावर तपासूनच ठरवलं. आता तो खिडकीकडे तोंड करून चमच्याने साधं पाणी पितो.