सागाच्या दोन चकत्या, आकडे दोन: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचायला छान आहे पण प्रत्यक्षात असं होत नाही. आमच्या बांधावर वडिलांनी १९८४ च्या मृगात एकाच दिवशी लावलेले दोन साग यंदा मार्च २०२४ मध्ये तोडले. वलयं मोजली, एकात ४३ आली, दुसऱ्यात ३८. आंब्याच्या खोडात तर धड काही दिसतच नाही. बर्फ पडतो त्या देशातलं शास्त्र आहे हे, मराठवाड्यात कशाला लागू करता? आणि बारीक वलय म्हणजे दुष्काळ हे कशावरून?"

दादा, चकत्या मोजून लिहिलंत याचं खरंच बरं वाटलं, आणि तुमच्या आकड्यांमुळे माझ्या लेखातली चूकही पकडली गेली, ती आधी कबूल करतो. झाडाच्या खोडातल्या वलयांवरच्या त्या लेखात मी "वलयं मोजा, वय कळेल" आणि "बारीक वलय म्हणजे दुष्काळ" असं सरळ लिहून टाकलं होतं. मोजणं ही फक्त सुरुवात असते, त्यावरून साल ठरत नाही.

आंब्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आंबा सदाहरित, त्याची पालवी टप्प्याटप्प्याने येत राहते, वाढ अशी सगळी एकदम थांबत नाही, त्यामुळे वर्षाची रेघ त्यात भरवशाने सापडत नाही. पण वलय पडायला बर्फ लागतो असं नाहीये, लागतो तो वाढीचा खंड. थंड देशात तो हिवाळ्यामुळे पडतो, आपल्याकडे सागाला उन्हाळ्यामुळे. साग फेब्रुवारी-मार्चपासून उघडाबोडका होतो, सालीखालचा जो पातळ थर नवीन लाकूड तयार करतो तो झोपलेला असतो, आणि मृगाच्या आसपास पालवी फुटली की तो जागा होऊन पहिल्यांदा मोठमोठ्या नळ्या घालतो कारण पानांना एकदम भरपूर पाणी पोचवायचं असतं. पुढे पावसाळा सरता सरता नळ्या बारीक होत जातात आणि लाकूड घट्ट होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ठाण्याच्या जंगलातल्या सागावर १९८० च्या दशकातच हे काम झालंय, म्हणजे शास्त्र बाहेरून आलं असेल पण झाड आपलंच होतं.

आता ४३ कडे येऊ. करवतीने कापलेल्या चकतीवर मोजलीत का? कारण करवतीच्या ओरखड्यांत अर्धी माहिती बुजून जाते. चकतीवर एका बाजूला सालीपासून गाभ्यापर्यंत चार बोटं रुंद पट्टा घ्या, त्यावर आधी रंधा, मग पॉलिश पेपर १२० चा, मग २४०, मग ४००, आणि ओल्या फडक्याने पुसून घड्याळजीकडचं भिंग लावून बघा. खऱ्या वलयाची हद्द सुरीने कापल्यासारखी असते. छिद्रं म्हणजे त्या नळ्यांचीच कापलेली तोंडं. आतल्या बाजूला बारीक छिद्रांचं गडद लाकूड, लगेच फिकट रेघ आणि त्यात सुईच्या टोकाएवढ्या मोठ्या छिद्रांची रांग. खोट्या वलयात तसं होत नाही, तिथे लाकूड हळूहळू गडद होतं आणि हळूहळूच परत फिकं होतं, दोन्हीकडून विरघळल्यासारखं, आणि ती रेघ बोटाने धरून चकतीभर फिरवली तर बऱ्याचदा मध्येच हरवते. असं खोटं वलय कधी पडतं हे तुम्हाला मी काय सांगणार, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने तीन-चार आठवडे दडी मारली की पीक जसं माना टाकतं तसं झाडही वाढ आवरतं, मग पाऊस परतला की पुन्हा सुरू. सागाची पानं अळीने खाऊन चाळणी केली तरी तेच होतं. एकाच वर्षात दोन रेघा.

३८ ची गोष्ट उलटी. फार कोरड्या वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला लाकूडच तयार होत नाही, तिथे दोन वलयं एकमेकांना चिकटून एकच दिसतं, म्हणून एका पट्ट्यावर विश्वास ठेवू नका, निदान दोन दिशांना मोजा. आणि झाड कुठून कापलं तेही बघा. बुंध्याशी कापलं तर सगळी वर्षं सापडतात, कमरेएवढ्या उंचीवर कापलं तर झाड तिथवर पोचायच्या आधीची वाढ त्या चकतीत येणारच नाही.

मग खरा आकडा कसा काढायचा? तर दोन चकत्या एकमेकींशी जुळवून. ही युक्ती अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्की केली. आलेखाच्या कागदाची लांब पट्टी घ्यायची, एक चौकोन म्हणजे एक वलय, आणि जे वलय *आपल्या शेजाऱ्यांपेक्षा* बारीक असेल तिथे उभी रेघ मारायची, जितकं बारीक तितकी रेघ लांब. शेजाऱ्यांपेक्षा यासाठी की झाड म्हातारं होत जातं तशी सगळीच वलयं बारीक होत जातात, तो काही दुष्काळ नव्हे. दोन्ही झाडांच्या अशा दोन पट्ट्या करून लांब रेघा जुळेपर्यंत एकमेकींवर सरकवायच्या.

तुमच्याच झाडावर करून बघू. मार्चमध्ये तोडलंत, म्हणजे २०२४ चं वलय सुरूच झालं नव्हतं, सालीलगतचं पहिलं वलय २०२३ चं. १९८४ च्या मृगापासून मोजलं तर वलयं ४० यायला हवीत. सालीकडून नववं २०१५ चं, दहावं २०१४ चं, बारावं २०१२ चं. मराठवाड्यात ही तिन्ही वर्षं कोरडी गेली, मधलं २०१३ बरं होतं आणि २०१६ ला चांगला पाऊस झाला. म्हणजे आठवं रुंद, नववं-दहावं बारीक, अकरावं जरा सुटलेलं, बारावं परत बारीक, अशी खूण मिळायला हवी. समजा ४३ वाल्या चकतीत हीच खूण आठव्याऐवजी नवव्यापासून सुरू झाली, तर तिच्याबाहेरच्या वलयांत एक खोटं आहे, तेवढाच भाग भिंगाखाली परत तपासायचा. ३८ वाल्यात ती सातव्यापासून सुरू झाली तर बाहेर एक वलय हरवलंय. चूक आहे एवढंच नाही, ती कुठे आहे हेही असं कळतं. फक्त एक पथ्य पाळा, आधी पट्ट्या जुळवा आणि पावसाची वर्षं नंतर बघा, नाहीतर मनात २०१५ धरून बसलात की कुठलंही वलय बारीक दिसायला लागतं.

आणि बारीक म्हणजे दुष्काळच, असं मीही आता म्हणणार नाही. एका झाडाचं बारीक वलय फांद्या छाटल्याने, अळीने, शेजारच्या झाडाच्या सावलीनेही येतं. पंधरा-वीस झाडं एकाच साली आखडली तर मात्र कारण त्या सगळ्यांच्या डोक्यावरचं, म्हणजे आभाळातलं. म्हणून अभ्यासाला एकेका झाडाचे दोन नमुने घेतात, झाड न तोडता, पोकळ गिरमिटाने काढलेली साधारण पाच मिलिमीटर जाडीची कांडी. आणि झाडं मुद्दाम उतारावरची, मुरमाड जमिनीतली निवडतात, ज्यांना पावसाशिवाय आधार नाही. केरळातल्या सागावरून अशीच १४८१ ते २००३ पर्यंतची ५२३ वर्षांची मालिका लावलीय, आणि एल निनोच्या बऱ्याच कोरड्या वर्षांत ते साग आखडलेले दिसतात. पण त्यावरून अमुक साली नेमका इतके मिलिमीटर पाऊस पडला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, फार तर अंदाज बांधता येतो, आधीच्या वर्षीची पुंजीही झाड पुढच्या वर्षी वापरतं.

म्हणून तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या बांधाला विहिरीचं पाणी लागतं का, पाटाची ओल येते का? येत असेल तर २०१५ चं वलय तुमच्या सागात बारीक नसेलही, आणि ते तुमच्या मोजण्याचं चुकलं असं नाही. चकत्या अजून असतील तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा, उन्हाने गाभ्यापासून भेग पडली आणि ती नेमकी पट्ट्यातून गेली की मोजणं अवघड होतं. दोन्ही चकत्यांवरच्या घासलेल्या पट्ट्यांचे फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून पाठवा, आपण खूण शोधू.