नोटीस आहे की पंचांग?

हे वाक्य माझं नाही. आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं टाकलं आणि खाली बारा जण हसले. तेव्हापासून डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय.

बुधवारी टाक्या धुणार आहेत. नव्या सेक्रेटरीताईंनी लिफ्टजवळ पानभर नोटीस लावलीय. सकाळी ९ ते १ खालची टाकी. तेव्हा नळाला पाणी असेल, पण गच्चीवरच्या टाकीत आहे तेवढंच. १ ते ५ वरची टाकी, पाणी पूर्ण बंद. ६ वाजता महापालिकेचं पाणी येईल, खालची टाकी थोडी भरली की ७ च्या सुमारास पंप लागेल, नळाला पाणी साधारण साडेसातला. तोवर सगळे नळ आणि गिझर बंद ठेवावेत.

यात हसण्यासारखं काय आहे?

दोन वर्षांपूर्वीची नोटीस एका ओळीची होती. 'टाकी सफाईमुळे पाणी १० ते ४ बंद. सहकार्य करावे.' ४ ही सफाईवाल्यांची घरी जायची वेळ होती, पाण्याची नव्हे! दोन्ही टाक्या सकाळीच उपसून ठेवलेल्या, आणि आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं संध्याकाळी ६ ला. मग ४ वाजता वर चढवायला पाणी होतं कुठे? हा हिशोब कुणीच केला नाही.

बाबांनी सव्वाचारला बाथरूमचा नळ उघडला. नोटिशीत ४ लिहिलं होतं म्हणून उघडला. पाणी नाही. येईल म्हणून थांबले, तेवढ्यात मी घाई केली, आत्याकडे जायचं होतं. नळ तसाच राहिला. पाणी आलं आठच्या आसपास, आम्ही परतलो पावणेनऊला. खाली मोरीच्या जाळीवर प्लास्टिकचं टमरेल पडून बसलेलं. पाणी पॅसेजमधून, दाराखालून, जिन्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात. पाणीही कसलं, चहासारखं तांबडं. आमचे पाइप जुने, लोखंडी. रिकामे झाले की आतला गंज सुटतो आणि पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतो.

लिफ्ट दोन दिवस बंद. ग्रुपवर एकानं लिहिलं, 'वयस्कर लोकांना नळ बंद करायचं कळत नाही का?' बाबांनी ते वाचलं. शहात्तर वर्षांचा माणूस रात्री साडेदहाला जिन्यावर गुडघे टेकून फडक्यानं पाणी टिपत होता. मी उठवायला गेले तर म्हणाले, 'राहू दे गं, माझीच चूक आहे.'

नळ बंद करायला हवा होता, मान्य. पण घाई मी केली होती, आणि ४ हा आकडा कमिटीनं लिहिला होता.

म्हणून 'नळ बंद ठेवावेत' ही ओळ मला फालतू वाटत नाही. त्यापुढच्या ओळीही नाहीत. प्रत्येक घरानं दोन बादल्या आणि पिण्याचं पाणी एवढंच भरावं, असं लिहिलंय. का? वरची टाकी २०,००० लिटरची, घरं २८. सगळ्यांनी सकाळी दोनदोनशे लिटरचे पिंप भरले तर ५,६०० लिटर तिथेच गेलं, आणि एकपर्यंत पुरवायचं पाणी त्याआधीच संपू शकतं. नंतर ही भरलेली पिंपं दुसऱ्या दिवशी मोरीत ओततात, दरवेळी बघते मी.

पाणी आल्यावर पहिल्या दोन बादल्या संडासात वापरा, असंही आहे. टाकी घासून झाल्यावर ब्लीचिंग पावडरनं धुतात, त्याचा वास पहिल्या पाण्याला येतोच. ते पाणी आणि तो गंज थेट फिल्टरमध्ये सोडला तर त्याची कांडी तुंबते, वॉशिंग मशीनमध्ये सोडला तर पांढऱ्या कपड्यांवर तांबडे डाग. दोन बादल्यांनंतरही रंग किंवा उग्र वास राहिला तर वॉचमनला सांगा, टाकी नीट खंगाळलेली नसेल. हे सगळं त्या बाईंनी लिहिलंय, ऑफिस सांभाळून.

लांब नोटीस निम्मे लोक वाचत नाहीत, हे खरं. साडेसातचे आठही होतील, महापालिकेचं पाणी आपल्या हातात नाही. पण निदान कुणी सव्वाचारला नळ उघडून वाट बघत उभं राहणार नाही.

बाबा अजूनही झोपण्यापूर्वी दोनदा उठून सगळे नळ बघतात. दोन वर्षं झाली. आज दुपारी ते स्वतः खाली जाऊन नोटीस वाचून आले. बराच वेळ उभे होते, वॉचमन म्हणाला. वर आले आणि कॅलेंडरवर बुधवारच्या चौकटीत पेनानं '७.३०' लिहिलं.

ग्रुपवर मी काही उत्तर दिलं नाही. सेक्रेटरीताईंना मात्र फोन केला. बुधवारी हाफ डे टाकलाय, साडेसातला मी घरात असेन. नळ बाबाच उघडतील.