‘सम हव्यात? निम्म्या करा’ ही ट्रिक कुठे फसते

“अंकांपासून संख्या बनवायच्या गणिताची सोपी ट्रिक: आधी एकूण संख्या काढा. सम हव्या असतील तर निम्म्या करा, 5 ने भाग जाणाऱ्या हव्या असतील तर पाचाने भागा. अंकांची पुनरावृत्ती चालो वा न चालो, उत्तर बरोबरच येतं.”

0, 1, 2 हे अंक घ्या आणि एकही अंक पुन्हा न वापरता तीन अंकी संख्या लिहा. 102, 120, 201, 210 एवढ्याच चार होतात. त्यांतल्या सम तीन आहेत, दोन नाहीत. 5 ने भाग जाणाऱ्या 120 आणि 210. चाराला पाचाने भागून दोन कसे आणायचे, ते ट्रिकवाल्यांनीच सांगावं.

आता परीक्षेत येतो तसा प्रश्न घेऊ: 0 ते 5 हे सहा अंक, चार अंकी संख्या, पुनरावृत्ती नाही. हजाराच्या स्थानी शून्य चालत नाही, म्हणून एकूण 5×5×4×3 = 300. निम्म्या केल्या तर 150, पण सम संख्या आहेत 156.

या जास्तीच्या सहा येतात शून्यामुळे. अट एककाची आहे, म्हणून एककापासूनच सुरुवात करायची. एककात 0 बसवला की हजाराच्या स्थानाची अडचणच संपते; उरलेले पाचही अंक तिथे चालतात, म्हणून 5×4×3 = 60. एककात 2 किंवा 4 असेल तर शून्य अजून हातात आहे आणि तो हजारात टाकता येत नाही. तिथे चारच पर्याय, म्हणून प्रत्येकी 4×4×3 = 48, दोन्हींचे मिळून 96. बेरीज 156. ताळा हवा असेल तर विषम मोजा: एककात 1, 3 किंवा 5, प्रत्येकी 48, म्हणजे 144. 156 आणि 144 मिळून बरोबर 300.

बरेच जण एकक आधी भरतात, पण ही फोड करत नाहीत. मग 3×5×4×3 = 180 येतं आणि त्यात 0132 सारख्या 24 घुसलेल्या असतात.

पाचाने भागणं तर याहून चुकीचं. त्याने 60 येतात. पण एककात नुसता 0 ठेवला तरी 60 होतात, 5 च्या 48 वेगळ्या. खरं उत्तर 108.

पुनरावृत्ती चालत असेल तर? एकूण 5×6×6×6 = 1080 आणि सम 540, म्हणजे इथे निम्मं जमतं. एककात काय आहे याचा हजारावर परिणाम होत नाही आणि सहापैकी तीन अंक सम आहेत, म्हणून. पण 5 ने भाग जाणाऱ्या 360 आहेत, म्हणजे एक तृतीयांश. कारण सहापैकी 0 आणि 5 हे दोन अंक चालतात. दहाही अंक हाताशी असतील तर मात्र एक पंचमांश येतं: 1000 ते 9999 या 9000 संख्यांपैकी 1800.

शून्य नसला तरी ‘निम्म्या’ गृहीत धरू नका. 1 ते 5 पासून पुनरावृत्तीशिवाय चार अंकी 120 संख्या होतात, त्यांतल्या सम फक्त 48, कारण पाचांत सम अंकच दोन.