ए४ ची पीडीएफ आपोआप सहा बाय नऊ होत नाही

"पुस्तक प्रिंट ऑन डिमांडला टाकायचं तर डीटीपीवाल्याला पैसे द्यायची गरजच नाही. वर्डची ए४ फाइल पीडीएफ करा आणि अपलोड करा, साइझ सिस्टिम आपोआप बसवते. मार्जिन चारही बाजूंनी अर्धा इंच. वर्ड जेवढी पानं दाखवतं त्यावरून कव्हर आधीच करून घ्या, पानं फक्त १६ च्या पटीत ठेवा, बास. एका दुपारचं काम आहे."

हा मेसेज मला गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय, आणि त्यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. साध्या मजकुराच्या पुस्तकाला डीटीपीवाला नसला तरी चालतं, वर्डमध्ये होतं. बाकीच्याबद्दल बोलू, कारण आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं पुस्तक मी याच रस्त्याने जाऊन आधी बिघडवलं आणि मग निस्तरलं. काकांनी नातवंडांसाठी इंग्रजीत आठवणी लिहिल्यात, नातवंडं अमेरिकेत, म्हणून ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत छापणाऱ्या सेवेवर, पेपरबॅक करायचं ठरलं, साइझ ६ बाय ९ इंच. वर्डमध्ये ए४ वर १२ पॉइंटात ११८ पानं होती. खालचे आकडे केडीपीचे आहेत, दुसरीकडे छापणार असाल तर तिथला तक्ता बघा, पण गणित कसं चालतं ते सगळीकडे सारखंच.

आधी साइझ. ए४ म्हणजे ८.२७ बाय ११.६९ इंच. हे पान ६ इंच रुंदीत बसवायचं म्हणजे सगळंच ७२-७३ टक्क्यांवर येतं, अक्षरासकट. १२ पॉइंटचं अक्षर होतं साधारण ८.७ पॉइंट, म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या बारीक मजकुरासारखं, आणि वर दोन्ही साइझचं प्रमाण वेगळं असल्याने उंचीत अर्धा इंच रिकामा उरतो तो वेगळाच. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं, पीडीएफ 'फिट टू पेज' करून ६ बाय ९ केली, स्क्रीनवर झूम करून बघत होतो त्यामुळे झकास दिसली. काकांना खऱ्या मापात प्रिंट काढून दिल्यावर ते म्हणाले, "अरे हे माझ्या वयाच्या माणसाला वाचता येणार आहे का?" आणि मी गप्प.

म्हणजे साइझ पीडीएफ केल्यावर बदलायची नाही, वर्डमध्येच बदलायची. पेज सेटअपमध्ये पेपर साइझ रुंदी ६, उंची ९, आणि खाली Apply to मध्ये Whole document. हा शेवटचा भाग लोक सोडतात, मग फाइलमध्ये सेक्शन ब्रेक असला की अर्धी पानं ६ बाय ९ आणि अर्धी ए४ राहतात. आणि पीडीएफ करताना प्रिंटच्या मेनूतून नको, तिथे प्रिंटरच्या यादीतला कागद निवडला जाऊन पुन्हा ए४ होऊ शकतं, Save As करून पीडीएफ घ्या. नंतर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. माझ्याकडे पीडीएफ तपासायची पॉपलर नावाची टूल्स आहेत, मी हे चालवतो:

```
pdfinfo -f 1 -l 200 pustak.pdf
pdffonts pustak.pdf
```

पहिल्यात प्रत्येक पानासमोर `432 x 648 pts` यायला पाहिजे. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणून ६ इंचाचे ४३२ आणि ९ चे ६४८. कुठे `595 x 842` च्या आसपासचं माप दिसलं की समजा तिथे ए४ लपून बसलंय. दुसऱ्यात emb च्या रकान्यात सगळीकडे yes हवं, no असेल तर तो फॉन्ट फाइलमध्ये आलेलाच नाही आणि तिकडे छापताना दुसराच फॉन्ट लागू शकतो. हे टूल नसेल तर कुठल्याही पीडीएफ रीडरच्या Properties मध्ये पानाचं माप आणि फॉन्टची यादी दिसते, फक्त माप तिथे बहुधा चालू पानाचंच दिसतं त्यामुळे पानं उलटून बघावी लागतात.

(एखादं चित्र पानाच्या अगदी काठापर्यंत न्यायचं असेल तर ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून काठाबाहेर सोडलेला जादा भाग, लागतं आणि मग सगळी फाइलच ६.१२५ बाय ९.२५ ची करावी लागते. काकांचे फोटो मजकुराच्या चौकटीतच होते, त्यामुळे त्या भानगडीत पडलो नाही.)

आता मार्जिन, आणि खरी गंमत इथे आहे. चारही बाजूंना सारखं मार्जिन सुट्या कागदाला ठीक, पण पेपरबॅक कण्याला गोंदाने चिकटवलेलं असतं, ते वहीसारखं सपाट उघडत नाही. आतल्या बाजूचा थोडा भाग त्या घळीत जातो आणि पुस्तक जेवढं जाड तेवढा जास्त जातो. म्हणून केडीपीचं आतलं किमान मार्जिन पानांच्या संख्येवर ठरतं. २४ ते १५० पानांना ०.३७५ इंच, १५१ ते ३०० ला ०.५, ३०१ ते ५०० ला ०.६२५, आणि पुढे अजून वाढत जातं. बाहेरच्या बाजूंना, ब्लीड नसेल तर, किमान पाव इंच चालतं. म्हणजे अर्धा इंच ११८ पानांना नियमात बसतो, ३२० पानांच्या कादंबरीला नाही. आणि नियमात बसणं म्हणजे वाचायला बरं असणं नव्हे, ते किमान आहे, त्याच्या खाली गेलात तर फाइल अडते एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते दीडशेच्या आसपासच्या पुस्तकाला आत ०.६२५ द्यावं, वाचकाला दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक फाकवून धरायला लागू नये.

वर्डमध्ये यासाठी Mirror margins निवडायचं, की डावं-उजवं जाऊन Inside आणि Outside येतं. उजव्या पानाची आतली बाजू डावीकडे असते आणि डाव्या पानाची उजवीकडे, हे वर्ड मग स्वतः सांभाळतं. तिथेच Gutter नावाचा अजून एक रकाना आहे, तो शून्य ठेवा, कारण तो Inside मध्ये मिळवला जातो, आणि लोक दोन्हीकडे अर्धा-अर्धा टाकून आत एक इंच करून बसतात आणि मग मजकूर बाहेरच्या काठाला का ढकलला गेलाय म्हणून विचारतात. तपासताना पीडीएफ दोन-दोन पानं शेजारी लावून बघा, पण पहिलं पान एकटं उजवीकडे यायला हवं, त्यासाठी ॲक्रोबॅटमध्ये कव्हर पेज वेगळं दाखवायची सोय आहे. ती न लावता १ आणि २ शेजारी दिसली तर आतली-बाहेरची बाजू नेमकी उलटी दिसते, आणि माणूस बरोबर असलेली फाइल 'दुरुस्त' करतो. मी केलीये.

तर पानं आधी मोजून कव्हर का होत नाही ते इथून कळेल. काकांची फाइल ६ बाय ९ केली, गॅरामॉंड ११ पॉइंट, आत ०.३७५ आणि बाहेर ०.५, तेव्हा ११८ ची झाली १४६. मला वाटलं दीडशेच्या आत बसलो, सुटलो. मग काका म्हणाले प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू व्हायला हवं, चांगल्या पुस्तकात तसंच असतं, आणि त्यांचं बरोबर होतं. १४ प्रकरणं, काहींच्या आधी कोरं पान आलं, पुढे अर्पणपत्रिकेचं पान वाढलं आणि आकडा गेला १५४ वर. दीडशे ओलांडले म्हणजे आतलं ०.३७५ चं मार्जिन आता बेकायदा. ते ०.६२५ केलं तर ओळ ५.१२५ इंचावरून ४.८७५ वर आली, ओळी वाढल्या, पानं झाली १६२. म्हणजे पानांवरून मार्जिन ठरतं आणि मार्जिनवरून परत पानं बदलतात, हे चक्र थांबल्याशिवाय कण्याची जाडी कोणालाच सांगता येत नाही. त्यात तुमचा पानांचा आकडा एखाद्या टप्प्याच्या काठावर असेल तर आधीच पुढच्या टप्प्याचं मार्जिन घेऊन टाका, एक फेरी वाचते.

कणा क्रीम कागदाला पानामागे ०.००२५ इंच. ११८ वरून कव्हर केलं असतं तर कणा ०.२९५ इंच, म्हणजे साडेसात मिलिमीटर. १६२ वरून ०.४०५, म्हणजे १०.३ मिलिमीटर. पावणेतीन मिलिमीटरचा फरक, आणि कण्यावरचं नाव सरकून पुढच्या नाहीतर मागच्या कव्हरवर चढायला तेवढा पुरतो. अख्ख्या कव्हरची रुंदी म्हणजे दोन कव्हरं १२ इंच, कणा ०.४०५ आणि दोन्ही टोकांना ब्लीड ०.१२५, एकूण १२.६५५ इंच, उंची ९.२५. कागद पांढरा घेतला तर पानामागे ०.००२२५२, तेव्हा तोच कणा साधारण ९.३ मिलिमीटर होतो. म्हणजे कागदही आधी ठरायला हवा, नुसती पानं ठरून उपयोग नाही.

इथे मराठीतला एक घोळ. कव्हर करणारा मुलगा ऑफसेटवाल्यांकडे काम केलेला, त्याने विचारलं किती पानं, मी म्हणालो १६२, तर तो म्हणे "पानं की पृष्ठं?" कारण त्याच्याकडे पान म्हणजे कागद, दोन्ही बाजू मिळून एक. वरचा ०.००२५ चा आकडा पृष्ठामागे आहे, कागदामागे नाही. कागद धरला असता तर कणा दुप्पट. आणि पृष्ठं म्हणजे पीडीएफमधली सगळी, कोरी, शीर्षकाचं, कॉपीराइटचं धरून, पानाच्या तळाशी छापलेला शेवटचा नंबर नव्हे. काकांच्या पुस्तकात तो शेवटचा नंबर १५४ होता, कारण सुरुवातीची ८ पृष्ठं रोमन आकड्यांत होती.

आणि १६ ची पट. तो ऑफसेटचा हिशोब आहे, तिथे मोठ्या कागदावर एकदम १६ पानांचा फॉर्म छापून घडी घालतात, त्यामुळे उरलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून पट सांभाळतात. केडीपीला फक्त सम संख्या लागते, विषम दिलीत तर शेवटी एक कोरं पान ते स्वतः घालतात. १६२ चे १७६ करायला १४ कोरी पृष्ठं भरायची म्हणजे प्रत्येक प्रतीमागे छपाईचे जास्त पैसे आणि कणा परत वेगळा. ७९ पृष्ठांच्या आत असाल तर मात्र कण्यावर नाव टाकताच येत नाही, एवढाच आकडा कव्हरवाल्याला आधी सांगून ठेवा.

प्रूफ कॉपी मागवली तेव्हा तिसऱ्या प्रकरणात काकूंच्या माहेरच्या गावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं. सुधारलं, पीडीएफ परत काढली, pdfinfo चालवलं, Pages समोर १६२ च आले, म्हणून कव्हरला हात लावला नाही.